दुसऱ्या क्रमांकाची बोली

व्हॅल्युअर: स्पष्टच बोलतो. माझं अर्धं आयुष्य वागळे इस्टेटीत बँकांसाठी यंत्रांच्या किमती लावण्यात गेलं. एचएमटीचा जुना लेथ समोर आला, की मी पाच व्यापाऱ्यांना फोन लावतो. गेल्या काही महिन्यांत तसे चार-दोन लेथ कुठे ना कुठे विकले गेलेले असतात. त्यांचे भाव घ्यायचे, बेड किती झिजलाय ते बघायचं, स्पेअर मिळतात का ते विचारायचं, थोडं वर-खाली करून आकडा लिहायचा. उद्या दुसऱ्या व्हॅल्युअरने तपासलं तर त्याचा आकडा माझ्या आसपासच येतो, आणि म्हणूनच माझ्या सहीला किंमत आहे. आता टर्निंगचा गाळा असलेली तिघं भावंडं माझ्याकडे आलीत. वडिलांच्या मागे वाटणी चाललीय. गाळा, मशिनं, घर, सगळ्याचे आकडे मी दिले. राहिली एक तलवार. खंडेनवमीला लेथच्या शेजारी पाटावर मांडायचे ती. युरोपी पातं, देशी मूठ, पात्याच्या पाठीवर सोन्याची पाच-सहा अक्षरं. तिची किंमत मी काय लिहू? माझं मत, काहीच लिहू नये. विक्रीच नाही तिथे भाव नाही.

संग्राहक: विक्री नाही असं कसं म्हणता? अशा पात्याला आपल्याकडे फिरंग म्हणतात. पोर्तुगीज आणि इतर युरोपी व्यापाऱ्यांकडून पाती यायची आणि इथले कारागीर त्यांना आपली मूठ बसवायचे. दख्खनेत अशी शस्त्रं बरीच होती, आजही लिलावांत येतात. आणि अगदी जवळचं उदाहरण हवं असेल तर नागपूरच्या पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार घ्या. २९ एप्रिल २०२५ला लंडनमध्ये सदबीजच्या लिलावात ती विकली गेली आणि महाराष्ट्र सरकारने ती मध्यस्थामार्फत घेतली. एकूण खर्च ४७ लाख १५ हजार रुपये. तीही फिरंगच. एकधारी युरोपी पातं, सोन्याचं काम केलेली मुल्हेरी मूठ आणि पात्याच्या पाठीवर सोन्यात देवनागरी मजकूर, त्यात रघुजींचं नाव आणि सेनासाहेब सुभा हा हुद्दा. तुमच्या भावंडांच्या तलवारीचा सांगाडा तोच आहे. मग तुम्ही शून्यावर का थांबता?

व्हॅल्युअर: कारण हाच आकडा त्या भावंडांतल्या धाकट्याच्याही डोक्यात बसलाय. तो म्हणतो, सरकारने सत्तेचाळीस लाख दिले, मग आपली निदान वीस-पंचवीसची तरी असेल. आता हा आकडा उघडून बघा. ४७ लाख १५ हजार म्हणजे तलवारीची किंमत असं लोक धरतात. पण त्यात लिलावातली रक्कम आहे, हाताळणी आहे, वाहतूक आहे, विमा आहे. आणि लिलावातली रक्कम म्हणजे तरी काय? हातोडी पडते तो एक आकडा, त्यावर लिलावघर खरेदीदाराकडून कमिशन घेतं तो दुसरा. विकणाऱ्याच्या हाती पडतं ते हातोडीच्या आकड्यातून त्याच्याकडचं कमिशन वजा जाऊन. म्हणजे एकाच व्यवहारात तीन किमती झाल्या: खरेदीदाराने दिलेली, हातोडीची आणि विकणाऱ्याला मिळालेली. भावंडं विकायला बसली तर त्यांना तिसरी मिळणार, आणि ती पहिलीपेक्षा बरीच कमी असते. लेथच्या व्यवहारात एवढी फट नसते.

संग्राहक: बरोबर. पण याचा अर्थ आकडा टाकून द्यायचा असा नाही, सोलून घ्यायचा असा आहे. तुम्ही लेथच्या भावातून क्रेनचा आणि टेम्पोचा खर्च बाजूला काढताच की. इथेही तेच करायचं, फक्त जास्त काळजीने. तुलना करताना हातोडीचा आकडा हातोडीशी लावायचा, घरपोच खर्च घरपोच खर्चाशी. एवढी शिस्त पाळली तरी अर्धे गैरसमज गळून पडतात.

व्हॅल्युअर: सोललात तरी आत उरतो एकच दाणा. एका विक्रीवर मी किंमत कशी बसवू? आणि ती एक विक्री किती फसवी असू शकते त्याचं उदाहरण तुमच्याच क्षेत्रातलं देतो. मे २०२३मध्ये लंडनला बोनहॅम्सने टिपू सुलतानाच्या शयनगृहातली तलवार विकली. अंदाज होता १५ ते २० लाख पौंडांचा, गेली सुमारे १ कोटी ४० लाख पौंडांना. त्या दिवशी कुणी मला टिपूच्या तलवारीचा भाव विचारला असता तर मी तोच सांगितला असता. पाच महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, टिपूच्याच शयनगृहातली म्हणून दुसरी तलवार ख्रिस्टीजमध्ये आली, कॉर्नवॉलिसकडे गेलेली. ती विकलीच गेली नाही. मालक तोच, शहर तेच, वर्ष तेच. मग भाव कुठला धरायचा?

संग्राहक: दोन्ही धरायचे. न विकली गेलेली वस्तू हीसुद्धा माहिती आहे, आणि बहुतेक लोक तीच विसरतात. विकल्या गेलेल्या वस्तूंचे आकडे छापून येतात, गाजतात. न विकलेल्या गुपचूप परत जातात. नुसते विक्रीचे आकडे गोळा केले तर बाजार आहे त्यापेक्षा तेजीत दिसणारच. पण मला तुमच्या उदाहरणातून दुसरी गोष्ट काढायची आहे. लिलावात किंमत ठरते कशी ते बघा. समजा तीन जण बसलेत. एकाची तयारी दहा लाखांपर्यंत, दुसऱ्याची बारा, तिसऱ्याची साठ. हातोडी कुठे पडेल? बाराच्या जरा वर. कारण दुसरा थांबला की तिसऱ्याला पुढे जायचं कारणच उरत नाही. म्हणजे लिलावाचा आकडा जिंकणाऱ्याची ओढ सांगत नाही, हरणाऱ्याची मर्यादा सांगतो. दोघे साठवाले असले तर तीच तलवार साठला जाते. वस्तूत काहीच बदल नाही, खोलीत एक माणूस जास्त.

व्हॅल्युअर: मग माझंच म्हणणं सिद्ध झालं. एक माणूस येण्या-न येण्यावर किंमत पाचपट होत असेल तर त्या आकड्याला किंमत म्हणायचं कशाला?

संग्राहक: पण आता प्रश्न तर नीट झाला. आधी तुम्ही विचारत होतात, या तलवारीची किंमत किती. आता विचारायचं, दुसऱ्या क्रमांकावर थांबणारा माणूस कोण, तो अजून बाजारात आहे का, आणि तुमच्या वस्तूसाठी तो येईल का. रघुजींच्या तलवारीला जिंकणारा सरकार होतं. त्याची गरज भागली, ती तलवार आता सरकारी संग्रहातून परत विक्रीला यायची नाही. पण सरकारला तिथपर्यंत ताणत नेणारा जो कोणी होता तो रिकाम्या हाताने गेला. तुमच्या तलवारीचा खरा गिऱ्हाईक असलाच तर तो तिथे आहे.

व्हॅल्युअर: आणि त्याचं नाव कुणालाच माहीत नाही. शिवाय त्याला नागपूरकर भोसल्यांची तलवार हवी होती की मराठा काळातलं कुठलंही चांगलं फिरंग, हेही माहीत नाही. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. पहिल्या जातीचा असेल तर आमच्या तलवारीकडे तो ढुंकूनही बघणार नाही.

संग्राहक: म्हणून तर वस्तूचे भाग पाडायचे. पूर्ण वस्तूला तुल्य विक्री नसते तेव्हा भागांना असते. एक फिरंग पातं, कुठलंही नाव नसलेलं, बऱ्या स्थितीत आणि जुनी मूठ मूळचीच: अशा विक्री भरपूर आहेत. त्यांना पाया धरा. आकडा नको, नुसतं शंभर म्हणा. त्यावर सोन्याचं काम चढलं की किती वाढतं, हे सोन्याचं काम असलेल्या आणि नसलेल्या, बाकी सारख्या तलवारींच्या जोड्या लावून कळतं. नाव कोरलेलं असलं की किती, ते नाव कागदोपत्री सापडणाऱ्या माणसाचं असलं की किती, असं पायरीपायरीने चढत जायचं. रघुजींची तलवार या जिन्याच्या अगदी वरच्या टोकाला आहे. मराठ्यांच्या शस्त्रांवर सहसा नक्षी कमी आणि मालकाचं नाव तर फार विरळा. तिथे दोन्ही आहेत, वर नाव इतिहासातलं ठळक. रघुजी म्हणजे शाहू छत्रपतींच्या काळात बंगाल-ओडिशापर्यंत मोहिमा नेणारा सरदार, नागपूरकर घराण्याचा संस्थापक. शिवाय १८१७च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांनी नागपूरचा खजिना लुटला, तेव्हा ती बाहेर गेली असावी असं जाणकार मानतात. ही प्रत्येक गोष्ट एक पायरी आहे. तुमच्या भावंडांची तलवार यांतल्या किती पायऱ्या चढते, ते बघू.

व्हॅल्युअर: बघितलंय मी, तुमच्याकडे येण्याआधीच. पहिली पायरीसुद्धा धड नाही. थोरल्याने मागे एकदा, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, ती शेजारच्या प्लेटिंगवाल्याकडे बफिंगला दिली होती. त्याने पात्याची एक बाजू आरशासारखी केली. वडिलांना कळलं तेव्हा दुसरी बाजू वाचली. आमच्या धंद्यात बफ केलेला भाग म्हणजे चांगला भाग. लेथचा बेड ग्राइंड करून आणला तर मी भाव वाढवतो.

संग्राहक: आणि इथे तो निम्म्यावर येतो. कारण लेथला ग्राइंड करून जे मिळतं ते त्याचं काम, अचूकपणा. तलवारीचं काम संपलंय, आता ती फक्त पुरावा आहे. बफच्या चाकाखाली पात्यावरचा काळा-तपकिरी थर जातो, कारखानदाराचा ठसा असेल तर तो पुसट होतो, कडा गोल होतात. पुढच्या माणसाला वाचायला काही उरत नाही. बरं, मुठीचं काय? हलते का?

व्हॅल्युअर: नाही, घट्ट आहे. पण मुठीच्या तोंडाशी, पातं जिथे आत शिरतं तिथे, काळसर लाखेसारखं काहीतरी भरलंय आणि ते पात्यावर जरा ओघळलंय.

संग्राहक: देशी तलवारींना मूठ अशीच बसवत. पात्याचं शेपूट आखूड, मुठीत गरम लाख किंवा राळ भरायची आणि पातं आत दाबायचं. म्हणूनच मुठी सहज बदलता यायच्या आणि बदलल्या जायच्याही. लाख जुनी असेल तर ती सुकून तडकलेली असते, धूळ आणि गंज तिच्या भेगांत गेलेला असतो. ओघळ ताजा, चकचकीत असेल आणि तो गंजाच्या वरून गेलेला दिसत असेल, तर मूठ अलीकडे पुन्हा बसवलीय. ती तीच मूठ असू शकते, सैल झाली म्हणून पुन्हा रोवलेली. किंवा दुसरीच. मुठीच्या पाकळ्यांचा आणि पात्याच्या रुंदीचा मेळ बसतो का, पात्यावर जुन्या मुठीची सावली वेगळ्या आकाराची राहिलीय का, हे पाहिलं की बरंच कळतं. दुसरी मूठ असेल तर ती एक वस्तू राहत नाही, दोन वस्तूंची जोडणी होते. पायाच्या शंभराचे साठ करा. एका बाजूचं बफिंग धरून चाळीस.

व्हॅल्युअर: हे साठ आणि चाळीस आले कुठून? मी लेथच्या बेडच्या झिजेचे पैसे कापतो ते बेड पुन्हा ग्राइंड करायला किती लागतील त्यावरून. तुमची कपात कशाच्या आधारावर?

संग्राहक: प्रामाणिक उत्तर, माझ्या आणि माझ्यासारख्यांच्या सवयीच्या आधारावर. जोडलेल्या मुठीच्या तलवारी कमी भावात जातात हे लिलावांच्या याद्या वाचून दिसतं. पण नक्की किती कमी, हे दर वेळी हलतं. म्हणून मी चाळीस म्हणालो तरी मनात तीस ते पन्नास धरतो. त्या रुंदीसकटच तो आकडा वाचायचा असतो.

व्हॅल्युअर: बँक रुंदी वाचत नाही, पण असू दे. आता अक्षरांकडे या. खरा वाद तिथेच आहे. तिन्ही भावंडांना वाटतं ती अक्षरं म्हणजे त्यांच्या खापरपणजोबांचं नाव. घरात मोडीतले दोन कागद आहेत, एकात त्यांच्या घराण्याला इनाम मिळाल्याचा उल्लेख आहे. अक्षरांतली तीनच लागतात, शेवटी ‘राव’ असावं.

संग्राहक: कागद घराणं सिद्ध करतो, तलवार सिद्ध करत नाही. त्यात तलवारीचं वर्णन असतं तर गोष्ट वेगळी. ‘राव’ तर निम्म्या महाराष्ट्राच्या नावापुढे होतं. तेव्हा आधी अक्षरं कधीची आहेत ते ठरवायचं, कुणाची ते नंतर. दहापटीचं भिंग घ्या आणि अक्षराच्या कडेला जिथे गंजाचे बारीक खड्डे आहेत तिथे बघा. सोनं खड्ड्याच्या आत उतरलेलं दिसलं, तर आधी गंज आणि मग सोनं. म्हणजे अक्षरं मागाहूनची. उलट गंज सोन्याखालून कुरतडत आलाय, सोन्याचा पापुद्रा कडेला उचलला गेलाय, तुकडे निसटलेत आणि त्या रिकाम्या जागेत ओरखड्यांची जाळी दिसतेय, तर ते जुनं कोफ्तगरीचं काम. कोफ्तगरीत लोखंडावर आधी बारीक जाळी खरवडतात आणि सोन्याची तार त्यात ठोकून बसवतात. आणखी एक खूण: हात आणि म्यान जिथे घासतं तिथेच सोनं जास्त झिजलेलं असायला हवं. सगळी अक्षरं सारखीच पुसट असतील तर मला शंका येते.

व्हॅल्युअर: पाहिलंय मी, माझ्याकडचं भिंग सराफी नाही पण बरं आहे. दोन अक्षरांना गंज खालून आलेला दिसतो. बाकीच्यांचं सांगता येत नाही, बफिंगवाल्याचा पट्टा पाठीलाही लागलाय.

संग्राहक: म्हणजे दोन शक्यता उरल्या. पहिली, अक्षरं जुनी आहेत आणि कुणीतरी जाणकार ती पूर्ण वाचून मोडी दप्तरात सापडणाऱ्या माणसाशी जोडतो. तर तुमचे चाळीस उडी मारून तीनशे-चारशेला जातात, कारण मराठा शस्त्रावरचं नाव ही दुर्मीळ गोष्ट. दुसरी, अक्षरं मागाहूनची किंवा न लागणारी. मग चाळीसच, कदाचित तीस, कारण बनावट नाव असलेली तलवार नाव नसलेल्यापेक्षा स्वस्त जाते.

व्हॅल्युअर: मग मी काय लिहू? मधला आकडा? दोन्ही शक्यता निम्म्या-निम्म्या धरल्या तर दोनशेच्या आसपास येतं. आणि गंमत बघा, त्या आकड्याला ही तलवार कधीच विकली जाणार नाही. नाव लागलं तर चारशे, नाही लागलं तर चाळीस. दोनशेला ती घेणारा माणूस जन्माला आलेला नाही. शंका असलेली वस्तू विकत घेणारा शंकेचे पैसे देत नाही, शंका वजा करून देतो.

संग्राहक: हे मात्र तुम्ही पक्कं पकडलंत. सरासरी हा भाव नसतो. अशा वेळी आधी शंका फेडण्यावर खर्च करायचा, किंमत मागाहून. अक्षरं आणि कागद जाणकाराला दाखवणं, चांगले फोटो काढणं, पात्यावरचा कारखान्याचा ठसा शोधणं, याला तलवारीच्या मानाने फार पैसे लागत नाहीत. आणि त्याआधी कुणीही, कुणीही, ती पुन्हा साफ करू नये.

व्हॅल्युअर: ते मी सांगितलंय. पण समजा नाव लागलं. चारशे म्हणजे कुठल्या बाजारातले चारशे? लंडनच्या की ठाण्याच्या? तुमचे सगळे दाखले बाहेरचे. ही तलवार शंभर वर्षांहून जुनी, म्हणजे १९७२च्या पुरावस्तू आणि कलासंपदा कायद्यात बसते. ती देशाबाहेर नेऊन विकता येत नाही. इथे विकायचा धंदा करायचा तर परवाना लागतो. लंडनच्या खोलीतल्या त्या दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला ही मिळूच शकत नाही. मग त्याच्या बोलीवर आमची किंमत टेकवायची कशी?

संग्राहक: हा तुमचा सगळ्यांत जड आक्षेप आहे. एकाच कारागिराने बनवलेल्या दोन तलवारी, एक १८१७ला बाहेर गेलेली आणि एक ठाण्यात राहिलेली, आज बाजाराच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत. बाहेरची इथे येऊ शकते, जगातल्या कुणालाही जाऊ शकते. इथलीला फक्त इथले गिऱ्हाईक. त्यामुळे लंडनचा आकडा इथल्या वस्तूला तसाच लावता येत नाही, खाली यावं लागतं. किती खाली, ते इथे असलेल्या संग्राहकांवर. पण दुसरी बाजूही बघा. कायद्याने सरकारला अशी वस्तू भरपाई देऊन सक्तीने घ्यायची मुभा दिलीय आणि भरपाईचा वाद लवादाकडे गेला तर काय बघायचं तेही सांगितलंय: काळ, कलात्मक आणि ऐतिहासिक महत्त्व, दुर्मीळपणा. कायदा करणाऱ्यांनाही माहीत होतं की तुल्य विक्रीच्या भरवशावर राहून चालणार नाही.

व्हॅल्युअर: कायद्याने निकष दिले, आकडा कुणाला तरी काढावाच लागतो. आणि आता सरकारनेच बाहेर जाऊन एक खरेदी केल्यावर इथला प्रत्येक मालक तीच पावती दाखवणार. तुम्ही म्हणालात सरकारची गरज भागली. मला उलट भीती वाटते. एकदा घेतली म्हणजे पुढच्या वेळी न घेणं अवघड. मग लिलावघरं तेच गृहीत धरून अंदाज चढवणार. म्हणजे ती एक विक्री पुढच्या विक्रीचा पुरावा न राहता कारण होऊन बसेल.

संग्राहक: होऊ शकतं. किंवा सरकार पुढच्या वेळी हात आखडता घेईल आणि तीच वस्तू पडून राहील, टिपूच्या दुसऱ्या तलवारीसारखी. यातलं काय होईल ते आज कुणी सांगू नये. पण म्हणूनच सरकारी खरेदी जिन्याच्या टोकाला ठेवायची, पायऱ्या तिच्यावरून मोजायच्या नाहीत. पायऱ्या खालून मोजायच्या, बिननावाच्या साध्या फिरंगपासून, जिथे विक्री अनेक आहेत आणि कुठलाही एक माणूस भाव हलवू शकत नाही.

व्हॅल्युअर: ठीक. आता भावंडांकडे परत या, कारण त्यांना जिना नको, वाटणी हवीय. थोरल्याला तलवार हवी आहे. धाकटा म्हणतो, मग मला तिचा हिस्सा रोख द्या. बहीण म्हणते, विका. थोरला चाळीस धरतो, धाकटा चारशे. मी त्यांना एक तोड सुचवणार आहे: तिघांनी बंद पाकिटात आपापली बोली लिहावी. जास्त बोलीवाल्याने तलवार घ्यावी आणि त्याच आकड्यावर बाकी दोघांचे हिस्से द्यावेत. व्हॅल्युअरचा आकडाच नको. चारशे म्हणणाऱ्याला चारशे देण्याची तयारी दाखवावी लागेल, मग बोलणं आपोआप जमिनीवर येतं.

संग्राहक: दिसायला न्याय्य आहे, पण त्यात दोन उणिवा आहेत. ज्याच्या हातात रोख आहे तोच जिंकतो. बहिणीचा गृहकर्जाचा हप्ता चालू असेल तर तिची बोली तलवारीची किंमत सांगत नाही, तिच्या खात्यातली शिल्लक सांगते. दुसरं, थोरल्याने आधीच गुपचूप अक्षरं कुणाकडून वाचून घेतली असतील, तर तो साठ लिहून चारशेची वस्तू घेऊन जाईल. पाकिटं उघडण्याआधी सगळ्यांना सारखीच माहिती हवी.

व्हॅल्युअर: मग दुसरी तोड. आज चाळीसवर हिस्से वाटावेत. करारात लिहावं की ठरावीक वर्षांच्या आत तलवार जास्त भावात विकली, तर वरचे पैसे तिघांत सारखे वाटायचे. माहीत नसलेला आकडा आज कुणी ठरवायचाच नाही. तो पुढे ठरेल तेव्हा तिघे हजर असतील.

संग्राहक: याला मी अधिक पसंती देतो, पण याचीही किंमत मोजावी लागते. थोरला तलवार सांभाळणार, गंजापासून जपणार, जाणकारांकडे फेऱ्या घालणार, नाव लावण्यासाठी दप्तरं धुंडाळणार. आणि फायद्याचे दोन तृतीयांश दुसऱ्यांचे. मग तो कशाला खटपट करील? मुदत संपेपर्यंत अक्षरं न वाचलेलीच राहतील, कारण तीच त्याच्या सोयीची. तुमच्या करारात खर्च आणि मेहनत आधी वजा करून उरलेलं वाटायचं, अशी ओळ घाला.

व्हॅल्युअर: घालतो. पण विकलीच नाही तर? थोरल्याच्या मुलाने ती आयुष्यभर पाटावर पुजली, तर वरचे पैसे कधीच निर्माण होत नाहीत, आणि धाकट्याला कायम वाटत राहणार की आपण चाळीसवर फसलो.

संग्राहक: फसला की नाही, हे त्या दिवशी उपलब्ध असलेल्या माहितीवर ठरतं. तुम्ही अहवालात आकड्याबरोबर चार गोष्टी लिहा: किंमत वाटणीसाठी आहे, विमा किंवा विक्रीसाठी नाही, बाजार भारतातला धरलाय, अक्षरं न वाचलेली आणि मूठ पुन्हा बसवलेली धरलीय, आणि यातलं काय बदललं तर आकडा किती हलेल. मग आकडा चुकला तरी कुठे चुकला ते कुणालाही दाखवता येईल. विम्यासाठी मागाहून वेगळा आकडा द्या, आधीच ठरवलेल्या किमतीची पॉलिसी घ्या, कारण ही हरवली तर बाजारातून दुसरी आणता येणार नाही.

व्हॅल्युअर: म्हणजे एका वस्तूला मी तीन-चार आकडे देणार आणि प्रत्येकाखाली जर-तर लिहिणार. लेथच्या अहवालात असं केलं तर बँक मला पुन्हा बोलावणार नाही.

संग्राहक: लेथच्या अहवालातही जर-तर असतात. फक्त बाजार इतका दाट आहे की त्यांचा आकड्यावर परिणाम दिसत नाही. इथे बाजार विरळ झाला आणि ते उघडे पडले.

व्हॅल्युअर: एवढं मान्य. माझी अडचण मात्र अजून सुटलेली नाही. तुमच्या पद्धतीत चूक कुठे झाली ते कळेल, ती कुणी भरून द्यायची ते कळत नाही. दाट बाजारात चूक पाच-दहा टक्क्यांची असते, ती कुणीही सोसतो. इथे ती दहापट आहे. आणि वाटणीत ती नेहमी एकाच्याच पदरात पडते: ज्याने तलवार घेतली त्याच्या किंवा ज्याने सोडली त्याच्या. तिघांतल्या कुणी ती जोखीम घ्यायची, हे भिंगाने कळणार नाही आणि लंडनच्या याद्यांतूनही कळणार नाही. ते त्यांनीच आधी ठरवलं पाहिजे. ते ठरल्याशिवाय मी सही करणार नाही.

संग्राहक: आणि ते ठरवण्यासाठी ते तुम्हालाच विचारणार, जोखीम किती मोठी आहे म्हणून. तिथे तुम्हाला आकडा द्यावाच लागेल.